फुटिंगचं काँक्रीट आणि लोखंड : ठेकेदाराचं माप आणि माझं माप जुळत नाही

रोहिणी_फलटण

नमस्कार. फलटण तालुक्यात गावी सासऱ्यांच्या जागेवर छोटं घर बांधतोय, तळमजला आणि पुढेमागे वर एक मजला. कॉलम नऊ आहेत. खड्डे झालेत, दीड मीटरवर कडक मुरूम लागला. माल आमचा, मजुरी ठेकेदाराची. काँक्रीटची मजुरी ब्रासवर आणि लोखंडाची किलोवर ठरली आहे. म्हणून माप नीट कळणं गरजेचं आहे.

ड्रॉइंगमध्ये असं आहे. कोपऱ्यांची चार फुटिंगं १.२० × १.२० मीटर, कॉलमजवळ जाडी ४०० मिमी. कडेची चार १.५० × १.५०, जाडी ४५०. मधलं एक १.८० × १.८०, जाडी ५००. तिन्हींची बाहेरची कड १५० मिमीच आहे, तिथून कॉलमकडे उतार चढत जातो. कॉलम २३० × ३८०. जाळी पहिल्या दोन प्रकारांत १० मिमीची, मधल्याला १२ मिमीची, दोन्ही दिशांनी १५० वर. काँक्रीट एम २० लिहिलंय.

ठेकेदाराने कागदावर लिहून दिलं: काँक्रीट २८१ घनफूट, लोखंड ६४० किलो. मी मुलाच्या वहीत गणित करून पाहिलं तर काँक्रीट यापेक्षा बरंच कमी येतंय आणि लोखंड तर निम्म्याहून खाली. माझं कुठे चुकतंय?

विलास_जालना

ताई, १.२० मीटर फारच लहान वाटतं. आमच्याकडे काळ्या मातीत दोन मीटरच्या आत कोणी फुटिंग घेत नाही. माझ्या घराला तर खाली दोन फूट मुरूम भरून दाबला आणि मग फुटिंग घेतलं. आधी साइझ तपासून घ्या, माप नंतर.

रोहिणी_फलटण

विलासदादा, साइझ इंजिनियरने खड्डे बघून ठरवलाय आणि आमच्याकडे खाली मुरूम आहे, काळी माती वरची दोन फूटच होती. मला साइझ दिलेला धरून माप काढायचं आहे.

निलेश_कागल

उताराचं फुटिंग असेल तर दोन भाग करायचे. खालचा १५० मिमीचा सरळ चौकोनी ठोकळा, आणि त्याच्यावर उताराचा भाग. उताराच्या भागासाठी खालचं क्षेत्रफळ अधिक वरचं क्षेत्रफळ भागिले दोन, गुणिले उंची. वरचं क्षेत्रफळ म्हणजे कॉलम नव्हे, कॉलमच्या चारही बाजूंना ५० मिमी सपाट जागा सोडतात, म्हणजे तुमच्याकडे ३३० × ४८०.

मी करून बघितलं. सगळी नऊ मिळून ५.५४ घनमीटर येतात, म्हणजे साधारण १९६ घनफूट. ठेकेदाराने उतार धरलेलाच नाही. प्रत्येक फुटिंग पूर्ण जाडीचा ठोकळा समजून मोजलंय. तसं केलं की ७.९७ घनमीटर, म्हणजे बरोबर २८१ घनफूट येतात.

रोहिणी_फलटण

अगदी! २८१ कुठून आले ते आत्ता कळलं. पण निलेशदादा, माझं उत्तर तुमच्यापेक्षाही कमी आहे, ५.१ च्या आसपास. मी सरासरी जाडी घेतली नव्हती, मुलाच्या दहावीच्या पुस्तकातलं शंकुछेदासारखं काहीतरी वापरलं होतं.

दत्ता_निवृत्त_अभियंता

रोहिणीताई, तुमचं उत्तर जास्त बरोबर आहे. निलेशने ठोकळा आणि वरची सपाट जागा दोन्ही नीट पकडलं, ठेकेदाराची चूकही नेमकी दाखवली. फक्त उताराचा भाग त्याने जास्त मोजला.

उताराचा भाग चारही बाजूंनी आत येतो. त्यामुळे अर्ध्या उंचीवर त्याचं क्षेत्रफळ हे खालच्या-वरच्या क्षेत्रफळांची सरासरी नसतं, त्याहून कमी असतं. कोपऱ्याचं फुटिंग घ्या. खाली १.४४ चौरस मीटर, वर ०.१५८, सरासरी ०.८०. पण अर्ध्या उंचीवर प्रत्यक्ष मोजलं तर एक बाजू १.२० आणि ०.३३ च्या मध्ये, म्हणजे ०.७६५, दुसरी १.२० आणि ०.४८ च्या मध्ये, म्हणजे ०.८४. गुणाकार ०.६४. हा फरक प्रत्येक फुटिंगमध्ये साचत जातो.

आमच्या खात्यात जुन्या माणसांनी शिकवलेली पद्धत अशी: खालचं क्षेत्रफळ, वरचं क्षेत्रफळ आणि मधल्या क्षेत्रफळाची चौपट, यांची बेरीज करायची, उंचीने गुणायची आणि सहाने भागायची. फुटिंग चौरस आणि कॉलम आयताकृती असला तरी ही पद्धत तंतोतंत चालते. दहावीचं शंकुछेदाचं सूत्र खालचा-वरचा आकार एकसारखा असेल तरच अचूक असतं. तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होईल, पण लक्षात येण्याएवढं नाही.

कोपऱ्याचं एक फुटिंग पूर्ण करून दाखवतो. ठोकळा १.४४ गुणिले ०.१५, म्हणजे ०.२१६. उताराची उंची ४०० वजा १५०, म्हणजे ०.२५. बेरीज १.४४ + ०.१५८ + चार वेळा ०.६४३, म्हणजे ४.१७. गुणिले ०.२५ भागिले ६, आले ०.१७४. एका फुटिंगचं काँक्रीट ०.३९ घनमीटर. याच रीतीने कडेचं एक ०.६४ आणि मधलं ०.९७. चार, चार आणि एक मिळून ५.०८ घनमीटर, म्हणजे १७९ ते १८० घनफूट, १.८ ब्रास. ठेकेदाराच्या मापात एक ब्रासभर जास्त आहे.

निलेश_कागल

मान्य. मी आजपर्यंत सगळीकडे क्षेत्रफळांची सरासरीच घेत आलोय. काका, एक्सेलमध्ये टाकायला सोपं होईल असं काही?

दत्ता_निवृत्त_अभियंता

मुलीने मला करून दिलेलं आहे, तेच देतो. A आणि B खालची लांबी-रुंदी, C कडेची जाडी, D उताराची उंची, E आणि F वरच्या सपाट भागाची लांबी-रुंदी. सगळं मीटरमध्ये.

```
=A2*B2*C2+D2/6*(A2*B2+E2*F2+(A2+E2)*(B2+F2))
```

D मध्ये पूर्ण जाडी टाकायची नाही, कड वजा करून उरलेली. ही चूक मी अनेकांच्या शीटमध्ये पाहिली आहे. १५० मिमीचा थर मग दोनदा मोजला जातो.

रोहिणी_फलटण

शीट चालली, ५.०८ आले. आता सिमेंट किती मागवू? ठेकेदार म्हणतो ६५ गोण्या.

दत्ता_निवृत्त_अभियंता

एकास दीडास तीन या प्रमाणात एक घनमीटर ओल्या काँक्रीटला साधारण आठ गोण्या लागतात. म्हणजे फुटिंगला ४१. ठेकेदाराच्या ७.९७ ला ६४ येतात, म्हणजे त्याचा हिशोब त्याच्या मापाशी जुळतो, माप तेवढं चुकलंय.

खालचा पीसीसी वेगळा धरा. फुटिंगच्या बाहेर चारही बाजूंनी १०० मिमी आणि जाडी १०० असेल तर २.३४ घनमीटर होतो. एकास चारास आठ केला तर आठ गोण्या. दोन्ही मिळून पन्नास गोण्या आणि वर चार-पाच सांडलवंडीला. खडी फुटिंगला दीड ब्रास वीस मिमीची, पीसीसीला पाऊण ब्रास चाळीसची. क्रश सँड दोन्हीला मिळून सव्वा ब्रासच्या आत.

एक गोष्ट मात्र डिझाइन करणाऱ्याला विचाराच. आयएस ४५६ ची २००० सालची आवृत्ती जमिनीत गाडलेलं काँक्रीट मध्यम परिस्थितीत धरते, आणि त्या परिस्थितीत आरसीसीला किमान एम २५ सांगते. ड्रॉइंगवर एम २० आहे. एम २५ साठी ठरीव प्रमाण त्या संहितेत नाही, मिक्स डिझाइन करून घ्यावं लागतं. गावात बहुतेक जण एम २० च करतात हे मलाही माहीत आहे, पण तुम्ही विचारून त्याचं उत्तर लेखी घ्या.

अंजली_रत्नागिरी

आमच्या जुन्या घराला फुटिंगच नव्हतं, जांभ्याच्या चिऱ्यांचा पाया आणि वर चिऱ्यांच्याच भिंती. सत्तर वर्षं उभं आहे. छोट्या घराला कॉलम लागतातच का?

दत्ता_निवृत्त_अभियंता

अंजलीताई, कोकणात वरवर जांभा लागतो आणि भार भिंतीवरून सरळ खाली जातो, तिथे ते चालतं. रोहिणीताईंच्या घराचं डिझाइन कॉलमचं झालंय आणि वर मजला घ्यायचा विचार आहे, त्यामुळे आता तो विषय त्यांच्यापुरता संपला. पण चिऱ्यांच्या पायावर वेगळा धागा काढलात तर मी नक्की लिहीन.

बबन_बारबेंडर

मी २२ वर्षं लोखंड बांधतोय. जाळीचं सांगतो. ताई, १.२० च्या फुटिंगला दोन्ही बाजूंनी ५० चं कव्हर सोडलं की १.१० मीटर उरतं. १५० ने भाग दिला की सात आणि वर थोडं. म्हणजे गाळे आठ आणि सळया नऊ. बरेच जण सातच गाळे धरून आठ सळया टाकतात आणि मग अंतर १५५-१६० पडतं. ड्रॉइंगवर १५० म्हणजे त्याच्यापेक्षा जास्त नको.

एका दिशेला नऊ, दुसऱ्या दिशेला नऊ, अठरा सळया. टोकं वर वळवायची असतील तर प्रत्येक टोकाला ७५ मिमी. वळवताना सळई थोडी ताणते, म्हणून प्रत्येक वळणाला व्यासाच्या दुप्पट कापात कमी करायचे. १.१० + ०.१५ − ०.०४, काप १.२१ मीटर. कडेच्या १.५० च्या फुटिंगला अकरा-अकरा सळया, काप १.५१. मधल्याला १२ ची तेरा-तेरा, काप १.८०.

रोहिणी_फलटण

बबनदादा, खूप आभार. मग वजन असं का? १० मिमीची लांबी २२० मीटर, १२ मिमीची ४७ मीटर. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे मीटरचं वजन धरलं तर १३६ अधिक ४२, म्हणजे १७७-१७८ किलो. ठेकेदाराचे ६४० कुठे आणि हे कुठे!

निलेश_कागल

मला वाटतं त्याने फुटिंगला घनमीटरमागे ८० किलो हा ठोकताळा लावलाय. ७.९७ गुणिले ८० म्हणजे ६३८. तुमच्या जाळीचं खरं प्रमाण ३५ किलो पडतंय.

दत्ता_निवृत्त_अभियंता

निलेश, शाबास, आकडा तिथूनच आलाय. चुकलेल्या घनफळावर ठोकताळा लावला. जाड आणि लहान फुटिंगमध्ये लोखंडाचं प्रमाण खूप कमी असतं, म्हणून घनमीटरमागे किलो हा हिशोब फुटिंगला लावूच नये. सळया मोजायच्या.

पण ताई, १७७ किलोच मागवू नका. त्यात कॉलमचे स्टार्टर नाहीत. कॉलमच्या सळया जाळीवर पाय वळवून उभ्या राहतात आणि फुटिंग ओतायच्या आधीच बांधाव्या लागतात. कॉलमला किती सळया आहेत?

रोहिणी_फलटण

सहा, सोळा मिमीच्या. रिंगा आठच्या, १५० वर.

बबन_बारबेंडर

मग बघा. फुटिंगचा तळ जमिनीखाली १.४०, जोतं वर ०.६०, खालचा पाय ३०० मिमी आणि जोत्याच्या वर लॅपला ८०० मिमी. त्यातून खालचं कव्हर, जाळीची जाडी आणि वळणाचं वजा केलं की एक सळई तीन मीटर. बारा मीटरच्या गजातून बरोबर चार निघतात, तुकडा उरत नाही. ५४ सळयांना १४ गज, एका गजाचं वजन १९ किलो धरा, २६५ किलो. रिंगा नऊ कॉलमच्या मिळून ५० किलोच्या आसपास.

म्हणजे जमिनीतून जोत्यापर्यंतचं सगळं लोखंड ४९० ते ५०० किलो. ठेकेदार अगदीच वाटेल ते बोलत नव्हता, पण त्याने "फुटिंग" लिहून सगळं एकत्र केलं असावं.

दत्ता_निवृत्त_अभियंता

बबन, तुमचा हिशोब सरळ आहे, पण लॅपबद्दल माझा आक्षेप आहे. भूकंपाच्या डिटेलिंगप्रमाणे कॉलमचा लॅप मजल्याच्या उंचीच्या मधल्या भागात घ्यायचा, जोत्याला लागून नाही. तिथेच कॉलमवर सगळ्यात जास्त ताण येतो. त्यासाठी सळई चार मीटरच्या आसपास जाते.

बबन_बारबेंडर

साहेब, तुमचं पुस्तकाने बरोबर आहे. पण चार मीटरच्या सोळाच्या सहा सळया नऊ खड्ड्यांत उभ्या करून ठेवायच्या म्हणजे त्या वाऱ्याने हलतात, जाळीवरून सरकतात आणि ओतताना कॉलम ओळीतून बाहेर जातो. मग कॉलम सरळ करायला सळई खाली वाकवतात, ते त्याहून वाईट. मी लॅप जोत्यावर घेतो आणि तिथे रिंगा १०० वर बांधतो.

दत्ता_निवृत्त_अभियंता

बांबूचे आडवे पट्टे दोन्ही दिशांनी बांधले की हलत नाहीत, आम्ही केलेलं आहे. पण इथे तुमचं-माझं ठरवून उपयोग नाही. ताईंनी ड्रॉइंगमध्ये लॅप कुठे दाखवलाय ते बघावं. चार मीटरची सळई निघाली तर एका गजातून तीनच येतात, १८ गज लागतील, ३४० किलो. म्हणजे एकूण ५७० च्या घरात. ठेकेदाराचे ६४० मग तितके दूर राहत नाहीत.

रोहिणी_फलटण

ड्रॉइंगमध्ये लॅपचं चित्र आहे, पण उंची लिहिलेली नाही. उद्या फोन करून विचारते. आणि टोकं वळवायची की सरळ ठेवायची, हेही त्यात स्पष्ट नाही. ठेकेदार म्हणतो लहान फुटिंगला गरज नाही.

दत्ता_निवृत्त_अभियंता

लहान फुटिंगलाच गरज जास्त. सळईचा पूर्ण जोर काँक्रीटमध्ये उतरायला कॉलमच्या बाजूपासून पुढे ठरावीक लांबी लागते. एफई ५०० ची १० ची सळई आणि एम २० धरलं तर ती साधारण ५७० मिमी. तुमच्या कोपऱ्याच्या फुटिंगमध्ये कॉलमच्या बाजूपासून कव्हर सोडून एका दिशेला ४३५ मिळतात आणि दुसऱ्या दिशेला फक्त ३६०. सरळ सळई तिथे तोकडी पडते. वळवलेल्या टोकाने थोडी भर पडते. जाळीत गरजेपेक्षा जास्त लोखंड दिलेलं असेल तर सळईवर पूर्ण ताण येत नाही आणि कमी लांबीही चालते, पण ते डिझाइन करणाऱ्याच्या आकड्यांवरूनच कळतं.

बबन_बारबेंडर

आणि कापताना एक लक्षात ठेवा ताई. १.२१ चे काप एका गजातून नऊच निघतात, एक मीटरच्या वर तुकडा उरतो आणि तो फुटिंगमध्ये कुठेच बसत नाही. दोन माप मिसळून कापायचे. काही गज १.५१ चे सात आणि १.२१ चा एक असे, काही १.५१ चे तीन आणि १.२१ चे सहा असे. आठ गज पहिल्या प्रकारे, अकरा दुसऱ्या प्रकारे, १९ गजांत चारही-चारही फुटिंगांची जाळी होते. वेगवेगळे कापले तर २१ गज लागतात. कापणाऱ्याला कागदावर लिहून द्या, तोंडी सांगितलं तर तो आपल्या सवयीने कापतो.

विलास_जालना

बबनभाऊ, ही गोष्ट मला कोणी सांगितली असती तर! माझ्या साइटवर एक-एक मीटरच्या तुकड्यांचा ढीग शेवटी भंगारात गेला.

निलेश_कागल

काका, एक विचारू का? एवढ्या लहान फुटिंगला उतार घ्यायचाच कशाला? १.२० च्या फुटिंगला सपाट ठोकळा घेतला तर काँक्रीट ०.३९ ऐवजी ०.५८ होईल. चारांत पाऊण घनमीटर, सहा गोण्या. पण उताराची कटकट वाचते.

दत्ता_निवृत्त_अभियंता

मी असतो तर कोपऱ्याची चार सपाटच घेतली असती. तिथे आखूड बाजूला ३६० मिमीत २५० चढायचे आहेत, ३५ अंशांचा उतार होतो. वरून फळी न लावता एवढ्या उतारावर ओलं काँक्रीट थांबत नाही. मग गवंडी काय करतात, माल सुका करतात आणि थापीने थापतात. व्हायब्रेटर लावला की माल खाली घसरतो म्हणून लावतच नाहीत. जिथे कॉलमचा भार जाळीत उतरतो तिथेच काँक्रीट पोकळ राहतं. मधल्या मोठ्या फुटिंगचा उतार २५-२८ अंश आहे, तो निभावतो. बबन, तुमचं काय मत?

बबन_बारबेंडर

मी उताराच्या बाजूचा. माल बेताचा घट्ट ठेवला आणि आधी १५० चा थर व्हायब्रेटरने बसवून त्याच्यावर लगेच उतार घेतला तर होतो. मात्र ओतायच्या आधी कॉलमच्या सळईवर पीसीसीपासून ४००, ४५०, ५०० ची खूण दोऱ्याने बांधून ठेवा आणि कडेला १५० ची पट्टी लावून बघा. गवंडी कड १०० वर आणतात आणि वरून तंबूसारखा आकार देतात. बाहेरून फुटिंग तेवढंच दिसतं.

रोहिणी_फलटण

काल फुटिंगं ओतली, म्हणून परत लिहिते. इंजिनियरने टोकं वळवायलाच सांगितली, आणि लॅप मजल्याच्या मध्यावर. स्टार्टर सव्वाचार मीटरचे घेतले, बांबू बांधले. एका कॉलमची ओळ तरी १५ मिमी हलली, ती सिमेंट ओलं असतानाच सरळ करून घेतली. एम २५ बद्दल तो म्हणाला वरच्या मजल्याचा भार धरूनही एम २० पुरतं. दत्ताकाका, टिकाऊपणाचं मी विचारलं तर त्यावर त्याने स्पष्ट काही सांगितलं नाही.

खुणा बांधल्या होत्या. दोन ठिकाणी कड ११०-१२० वर होती, ती ओतायच्या वेळीच भरून घेतली. रिकाम्या गोण्या मी स्वतः मोजल्या, फुटिंगच्या ४५ निघाल्या. मजुरी १.८ ब्रासवर ठरली. ठेकेदाराने शीट बघितली आणि मान्य केलं, पण चार गोण्या जास्त गेल्या म्हणजे काँक्रीट जास्त झालं असं तो म्हणतो.

दत्ता_निवृत्त_अभियंता

४१ च्या जागी ४५ म्हणजे घनफळात अर्धा घनमीटर. खड्ड्याच्या कडेला फळ्या लावल्या होत्या का, की मातीलाच टेकवून ओतलं? मातीला टेकवून ओतलं तर कड बाहेर फुगते. सगळ्या फुटिंगांच्या बाजू १.२० च्या १.२६ अशा पाच टक्क्यांनी वाढल्या तरी जवळपास तेवढी वाढ निघते. माप ड्रॉइंगच्या साइझवरच द्यायचं असतं, जास्तीचं काँक्रीट खड्डा मोठा खोदणाऱ्याकडे. उद्या माती भरायच्या आधी दोन-तीन फुटिंगांची बाहेरची कड टेपने मोजून ठेवा. एकदा माती पडली की मोजायला काही उरणार नाही.

रोहिणी_फलटण

फळ्या फक्त मधल्याला होत्या. सकाळी टेप घेऊन जाते.